'मुलगी चांगली गाते' : विशेषण की क्रियाविशेषण?

प्रश्न : मुलगी पेडण्याला दहावीत आहे. 'मुलगी चांगली गाते' यातलं 'चांगली' ती विशेषण म्हणते, मी क्रियाविशेषण. नक्की काय? आणि काल, स्थल, रीती, परिमाण हे प्रकार ओळखायचे कसे?

उत्तर : तुमचं बरोबर आहे, पण मुलीचा गोंधळ रास्त आहे. फोंड्याला शिकवण्या घेताना हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो.

प्रकारांचं आधी उरकून टाकू, ते सोपे आहेत. क्रियापद धरायचं आणि त्याला प्रश्न विचारायचा. 'कधी?' किंवा 'कितीदा?'चं उत्तर कालवाचक, 'कुठे?' किंवा 'कुठून?'चं स्थलवाचक, 'कसं?'चं रीतिवाचक, आणि 'किती?'चं परिमाणवाचक. 'पोदेर सकाळी येतो' यात 'सकाळी' कालवाचक, 'लांबून भोंगा वाजवतो' यात 'लांबून' स्थलवाचक. 'झटकन, भराभर' हे रीतिवाचक, 'किंचित, जरा, अतिशय' हे परिमाणवाचक.

खरी अडचण पुढे आहे. एकच शब्द दोन्ही कामं करतो, त्यामुळे याद्या पाठ करून भागत नाही. चवथीच्या बाजारातलं हे वाक्य घ्या : 'आईने काल तिथे माटोळीची खूप फळं भराभर निवडली.' कधी निवडली? काल. कुठे? तिथे. कशी? भराभर. पण 'खूप'चा प्रश्न निवडण्याला लागत नाही. किती फळं? खूप. म्हणजे इथे 'खूप' हे फळांचं विशेषण. आता तोच शब्द सरकवा : 'आईने फळं खूप भराभर निवडली.' आता फळं दोनच असली तरी चालतील. 'खूप' भराभरपणाचं प्रमाण सांगतो, म्हणून परिमाणवाचक क्रियाविशेषण. क्रियाविशेषण क्रियापदाबद्दलच बोलतं असं नाही, दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दलही बोलतं.

'काल' आणि 'तिथे' यांना शेपूट लावलं की तेही पक्ष बदलतात. 'कालची फळं', 'तिथली फळं' ही विशेषणं झाली. परीक्षेत 'रोज' आणि 'रोजचा' शेजारीशेजारी आले की मुलं हमखास चुकतात. उलट दिशेनेही वाट आहे : 'शांत मुलगा' विशेषण, 'शांतपणे बसला' क्रियाविशेषण.

आता तुमचं 'चांगली'. वर्गात शिकवतात की विशेषण विकारी, क्रियाविशेषण अव्यय, म्हणजे न बदलणारं. म्हणून 'चांगला गातो, चांगली गाते' असं बदलताना दिसलं की मुलं विशेषण लिहून मोकळी होतात. हा नियम दोन्ही बाजूंनी गळका आहे. 'हुशार मुलगा, हुशार मुलगी' यात 'हुशार' जराही बदलत नाही, तरी ते विशेषणच. आणि 'चांगली गाते' यात 'चांगली' बदलतं, तरी ते गाण्याच्या क्रियेबद्दलच सांगतं. म्हणून त्याला नुसतं क्रियाविशेषण म्हणायचं, क्रियाविशेषण अव्यय नाही. हा फरक बरेच जण सांगायचाच विसरतात.

याचा पुरावा हवा असेल तर वाक्य भूतकाळात न्या : 'मुलीने चांगलं गायलं.' मुलगी स्त्रीलिंगीच राहिली, पण 'चांगली'चं 'चांगलं' झालं, कारण ते क्रियापदाच्या मागे गेलं. ते मुलीचं विशेषण असतं तर 'चांगल्या मुलीने गायलं' झालं असतं, आणि त्याचा अर्थच वेगळा.

माझी आवडती कसोटी मात्र याहून सोपी आहे. क्रियापद काढून तिथे 'आहे' ठेवा. 'मुलगी चांगली आहे' म्हटलं की ती स्वभावाने चांगली असं होतं, गाण्याचा संबंधच उरत नाही. अर्थ मोडला, म्हणून क्रियाविशेषण. आता 'मानकुराद गोड निघाला' पाहा. 'मानकुराद गोड आहे' म्हटलं तरी गोडी आंब्याचीच राहते, म्हणून 'गोड' विशेषण. नामाच्या नंतर, क्रियापदाला चिकटून आलेलं असं विशेषण म्हणजे विधिविशेषण. 'शब्द क्रियापदाच्या आधी आला की क्रियाविशेषण' असं घोकणारी मुलं इथेच गुण घालवतात.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही. 'रस्ता सरळ जातो' यात 'रस्ता सरळ आहे' म्हणूनही अर्थ फारसा मोडत नाही, पण 'कसा जातो?' विचारलं तर 'सरळ' हेच उत्तर येतं. मी अशा ठिकाणी क्रियाविशेषण मानतो, पण सराव परीक्षेत असं वाक्य घालत नाही. उगाच पोरांना छळायचं कशाला?

मुलीला शेवटी ही जोडी द्या आणि कारणासकट उत्तर लिहायला सांगा : 'हळू बोल' आणि 'हळू आवाजात बोल'. पहिल्यात बोलणं हळू, दुसऱ्यात आवाज. दुसऱ्यातल्या 'हळू'ला तिने विशेषण म्हटलं आणि कारणही नीट दिलं, तर या धड्यावर तिला आणखी बसवायची गरज नाही.