माइलस्टोनच्या तारखेआधी कोणते पीआर अडकणार, हे कसं ओळखावं?

प्रश्न: आमच्या टीमने गिटहबवर पुढच्या रिलीजच्या माइलस्टोनमध्ये पंचवीस-तीस पीआर टाकले आहेत. दर सोमवारी मला ‘कोणते वेळेत होतील, कोणते धोक्यात आहेत’ असा रिपोर्ट द्यावा लागतो. विचारलं की सगळे ‘होईल’ म्हणतात आणि शेवटच्या दिवशी सात-आठ राहतातच. हे आधी कसं कळेल?

उत्तर:

‘होईल का?’ हे विचारणं आधी बंद करा. ‘होईल’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो स्वतःच्या वाट्याच्या कामाबद्दल सांगतो आणि त्याचं कोडिंग बहुतेक वेळा खरंच झालेलं असतं. उरलेलं काम दुसऱ्यांचं असतं: कोणीतरी रिव्ह्यू करायचा, मग बदल, मग पुन्हा रिव्ह्यू, मग मर्ज. म्हणून मी प्रत्येक पीआरबद्दल दोनच गोष्टी बघते. पुढची पाळी कोणाची आहे, आणि मर्ज होईपर्यंत अजून किती पाळ्या उरल्या आहेत. उरलेल्या पाळ्या आणि उरलेले कामाचे दिवस शेजारी ठेवले की धोका दिसायला लागतो.

पण त्याआधी यादी खरी आहे का ते तपासा. माइलस्टोनच्या पानावरच्या टक्केवारीवर विसंबू नका. ती फक्त बंद झालेल्या गोष्टी मोजते, त्यामुळे मर्ज न करता बंद केलेला पीआरसुद्धा तिथे ‘पूर्ण’ मध्ये जातो. दुसरी गोष्ट, काम कबूल झालंय पण पीआर अजून उघडलेलाच नाही, अशी कामं पीआरच्या यादीत येतच नाहीत. माझ्या मते सर्वांत जास्त धोका तिथेच असतो. तिसरी, कोणी गुपचूप माइलस्टोन काढून टाकला तर तो पीआर यादीतून नाहीसा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून शब्द दिला गेला त्या दिवशीची यादी एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि दर सोमवारी आजची यादी तिच्याशी ताडून बघा.

यादी काढायला एवढं पुरतं:

```
gh pr list --state open --limit 200 \
  --search 'milestone:"2.4"' \
  --json number,title,author,isDraft,reviewDecision,mergeable

gh issue list --state open --limit 200 \
  --search 'milestone:"2.4" -linked:pr'

gh pr list --state closed --limit 200 \
  --search 'milestone:"2.4" is:unmerged'
```

दुसरी आज्ञा पीआर न जोडलेले इश्यू दाखवते, तिसरी मर्ज न होता बंद झालेले पीआर. `--limit` विसरू नका, कारण ते दिलं नाही तर फक्त पहिले ३० येतात आणि यादी पूर्ण आहे असंच वाटत राहतं.

आता हाती आलेली माहिती वाचताना तीन ठिकाणी सांभाळा. ‘शेवटचा बदल’ म्हणून दिसणारी तारीख कोणी लेबल लावलं किंवा एखाद्या बॉटने कॉमेंट टाकली तरी पुढे सरकते, त्यामुळे मी ती बघतच नाही. शेवटचा कमिट कधीचा आणि माणसाचा शेवटचा रिव्ह्यू कधीचा, एवढंच बघते. `mergeable` मध्ये `UNKNOWN` दिसलं तर घाबरू नका. गिटहब ते मागच्या बाजूला मोजत असतं, थोड्या वेळाने पुन्हा विचारा. आणि `reviewDecision` रिकामं असेल तर त्याचा अर्थ ‘रिव्ह्यू झाला’ असा नाही. रिपॉझिटरीत रिव्ह्यू सक्तीचा नसेल तरी ते रिकामंच येतं, तेव्हा तिथे प्रत्यक्ष पीआर उघडून बघावा लागतो.

एका पाळीला किती वेळ लागतो, हे अंदाजाने ठरवू नका. तुमच्याच टीमचे अलीकडे मर्ज झालेले वीस-तीस पीआर उघडा आणि रिव्ह्यू मागितल्यापासून पहिलं उत्तर यायला, मग बदल झाल्यावर पुन्हा बघून व्हायला किती वेळ लागला ते लिहून काढा. सरासरी घेऊ नका. दहा मिनिटांत अप्रूव्ह झालेले छोटे पीआर ती खाली ओढतात. चारपैकी तीन पीआर जेवढ्या वेळात निघाले तो आकडा धरा.

एक उदाहरण मांडते. आकडे मी मनाने घेतलेत, पण अशी परिस्थिती जवळजवळ प्रत्येक रिलीजला येते. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता रिलीजची ब्रँच कापायची आहे. आज सोमवार सकाळ. या टीमचा हिशोब असा की रिव्ह्यूअरला एक दिवस लागतो, लेखकाला बदल करायला एक दिवस. म्हणजे गुरुवारपर्यंत चार पाळ्या.

पीआर ८१२ मोठा आहे, १,४०० ओळींचा. कोड पूर्ण, टेस्ट हिरव्या, पण अजून एकही रिव्ह्यू नाही. लेखक ‘झालंय’ म्हणतो. पाळ्या मोजा: सोमवारी रिव्ह्यू, मंगळवारी बदल, बुधवारी पुन्हा रिव्ह्यू, गुरुवारी मर्ज. चार पाळ्या, चार दिवस, हाताशी काहीच शिल्लक नाही. आणि एवढा मोठा पीआर बदलांच्या एकाच फेरीत सुटेल असं धरणं धाडसाचं आहे. हा धोक्यात.

पीआर ८२७ वर `CHANGES_REQUESTED` असा लाल शेरा आहे, त्यामुळे वरवर तो सगळ्यांत वाईट दिसतो. आत बघितलं तर लेखकाने सगळे बदल शुक्रवारीच केलेत. तो शेरा रिव्ह्यूअरने पुन्हा अप्रूव्ह करेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे पाळी रिव्ह्यूअरची, आणि ते बुधवारपर्यंत रजेवर. इथे करायचं काम छोटं आहे. दुसऱ्या कोणी बदल तपासावेत आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनी जुना रिव्ह्यू डिसमिस करावा. हे आज ठरलं तर धोका नाही, बुधवारवर गेलं तर आहे.

पीआर ८३१ अप्रूव्ह झालेला, टेस्ट हिरव्या, कॉन्फ्लिक्ट नाही. सगळे त्याला ‘झालेला’ समजतात. पण तो आणि ८१२ सेटिंग्जच्या एकाच फाइलमधल्या त्याच ओळींना हात लावतात. ८१२ आधी आत गेला तर ८३१ ला कॉन्फ्लिक्ट येईल. तो सोडवायला नवा कमिट लागेल, आणि नव्या कमिटवर जुनं अप्रूव्हल रद्द करण्याचा नियम ब्रँचवर लावलेला असेल तर पुन्हा एक रिव्ह्यू. गुरुवारी दुपारी हे झालं तर हातातला पीआर हातातून गेला. म्हणून ८३१ आजच मर्ज करायचा. मग कॉन्फ्लिक्ट ८१२ ला येईल, पण त्याचा रिव्ह्यू अजून व्हायचाच आहे, त्यामुळे त्याचं एखादं अप्रूव्हल तरी वाया जात नाही. मर्जचा क्रम ठरवणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो कोणी ठरवला नाही तर आपोआप चुकीचा ठरतो.

आता एकेक पीआर बघून जे कधीच दिसत नाही ते. उरलेल्यांपैकी पाच पीआर एकाच रिव्ह्यूअरकडे आहेत, कारण त्या भागाच्या `CODEOWNERS` मध्ये त्या एकट्याच आहेत. प्रत्येक पीआर स्वतंत्रपणे सुरक्षित वाटतो, कारण प्रत्येकाला एकच रिव्ह्यू हवाय. पण त्या दिवसाला दोन नीट बघू शकत असतील तर पाचवा बुधवारी हातात येईल, आणि त्यात बदल निघाले तर तो गेला. `review-requested:` लावून शोधलं की कोणाकडे किती साचलेत ते लगेच कळतं. सोमवारी मी हे सर्वांत आधी बघते, कारण त्यावर उपाय सोमवारीच करता येतो: दुसरा मालक जोडणे, किंवा पाचांचा क्रम त्यांना आधीच सांगणे.

आणखी एक हिशोब. मर्जआधी ब्रँच ताज्या मुख्य ब्रँचशी जुळलेली हवी, असा नियम असेल तर एक पीआर आत गेला की बाकीचे सगळे मागे पडतात आणि प्रत्येकाच्या टेस्ट पुन्हा चालवाव्या लागतात. टेस्टना ४० मिनिटं लागत असतील आणि गुरुवारी दुपारी सहा पीआर तयार असतील, तर एकामागून एक घालायला ४ तास. संध्याकाळी ६ ची वेळ म्हणजे खरी २ ची. एखादी टेस्ट अधूनमधून उगीच पडणारी असेल तर मी १ च धरते. मर्ज क्यू वापरत असाल तर तो पीआर गटाने तपासू शकतो आणि हा वेळ कमी होतो, पण गटातला एक पडला की त्याला बाजूला काढून त्याच्यामागच्यांची तपासणी पुन्हा होते.

रिपोर्टमध्ये ‘९० टक्के पूर्ण’ किंवा नुसता पिवळा रंग यातून वाचणाऱ्याला काही करता येत नाही. मी प्रत्येक धोक्यातल्या पीआरसाठी एवढंच लिहिते:

> ८१२: धोक्यात. पहिला रिव्ह्यू बाकी, चार पाळ्या आणि चार दिवस. आज संध्याकाळपर्यंत रिव्ह्यू पूर्ण झाला पाहिजे. मंगळवारी दुपारपर्यंत झाला नाही तर सेटिंग्जचा भाग वेगळ्या छोट्या पीआरमध्ये काढून बाकीचं पुढच्या माइलस्टोनला.

कारण, पुढची पाळी, ती कधीपर्यंत, आणि नाही झालं तर काय. शेवटचा भाग लिहिताना संकोच वाटतो, पण तोच उपयोगी पडतो, कारण काय वगळायचं हा निर्णय त्यामुळे गुरुवारी रात्रीऐवजी मंगळवारी होतो. कुबरनेटीसच्या रिलीज टीमकडे ‘अॅट रिस्क’ ही कामाच्या पाटीवरची रीतसर स्थिती आहे. कोड फ्रीजपर्यंत जे आत आलं नाही त्याला अपवादासाठी वेगळी विनंती करावी लागते, तो अपवाद आपोआप मिळत नाही. एवढी कडक पद्धत प्रत्येक टीमला नको, पण ‘धोक्यात’ हा शब्द तारखेच्या आधी अधिकृतपणे वापरायची सवय घेण्यासारखी आहे.

वाक्यात माणसाचं नाव दोषासारखं येऊ देऊ नका. ‘अमुकने रिव्ह्यू केला नाही’ च्या जागी ‘रिव्ह्यू बाकी, शुक्रवारपासून’ लिहा, आणि रिपोर्ट पाठवण्याआधी ज्यांची पाळी आहे त्यांना एक ओळ कळवा. निम्मे पीआर त्या एका ओळीनेच हलतात. उलट रिपोर्ट बोट दाखवणारा झाला की लोक पीआर ड्राफ्टमध्येच दडवायला लागतात आणि तुमची माहितीच आटते.

सोमवारचा एक रिपोर्ट शेवटच्या आठवड्यात पुरत नाही. बुधवारी दुपारी हेच सगळं पुन्हा चालवा. तेव्हा ज्यांना दोनपेक्षा जास्त पाळ्या उरल्या असतील ते पीआर तिथेच बाहेर काढा, माइलस्टोन बदलताना पीआरवर कारणाची एक कॉमेंट टाका, आणि तुमच्या जपून ठेवलेल्या यादीत त्यांच्यापुढे ‘पुढे ढकलला, बुधवार’ अशी नोंद करा.