गेस्ट अकाउंटवरचं व्हिलेज नव्या फोनवर नेताना

प्रश्न: क्लॅश ऑफ क्लॅन्स पहिल्यापासून गेस्ट म्हणूनच खेळतोय, टाउन हॉल ११ झालाय. आता नवा फोन घेतोय. व्हिलेज जाणार तर नाही ना?

जुना फोन अजून हातात आहे आणि त्यावर गेम उघडतोय, तर काही जाणार नाही. पण त्याला रिसेट मारायच्या किंवा एक्सचेंजमध्ये द्यायच्या आधी लिंकिंग उरकून घ्या.

तुमचं व्हिलेज फोनमध्ये नसतंच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. फोनमध्ये असते ती फक्त ते उघडायची किल्ली, आणि गेस्टच्या बाबतीत ती गेमच्या डेटातच पडून असते. गेम अनइन्स्टॉल केला किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन Clear storage दाबलं की ती पुसली जाते. व्हिलेज सर्व्हरवर जसंच्या तसं राहतं, पण ते तुमचं आहे हे सांगणारं काही उरत नाही. (Clear cache ने मात्र काही बिघडत नाही.)

म्हणून जुन्या फोनवर गेमच्या Settings मध्ये जा, Supercell ID निवडा आणि ईमेल टाका. त्या ईमेलवर सहा आकडी कोड येतो, तो भरला की काम झालं. पासवर्ड नसतो, दरवेळी कोडच येतो. त्यामुळे तो मेलबॉक्स कायम तुमच्याच हातात राहणारा हवा. कॉलेजचा मेल नको, कारण तो शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो. मोबाइलच्या दुकानदाराने फोन घेताना उघडून दिलेला जीमेल तर नकोच, त्याचा पासवर्ड बहुतेकांना माहीतच नसतो.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते क्रम उलटा झाल्यावर. नवा फोन आल्या आल्या गेम टाकतात, टाउन हॉल १ चं कोरं व्हिलेज सुरू होतं आणि घाईघाईत तेच ईमेलला जोडून मोकळे होतात. एका आयडीला या गेमचं एकच व्हिलेज जोडता येतं. मग जुन्या फोनवर तोच ईमेल टाकला की समोर येतं ते नवं, रिकामं व्हिलेज! अशा वेळी ते लोड करू नका, तिथून मागे फिरा आणि जुन्या व्हिलेजसाठी दुसरा ईमेल वापरा.

लिंक झालं का हे नव्या फोनवर तपासा. तोच ईमेल आणि कोड टाकून लॉगिन करा, मग प्रोफाइलमध्ये नावाखाली # ने सुरू होणारा प्लेयर टॅग बघा. दोन्ही फोनवर तो तंतोतंत जुळला तरच जुना फोन पुसा. नुसतं नाव जुळून उपयोग नाही, एकच नाव कितीही जणांचं असू शकतं.

हा टॅग कुठेतरी लिहून ठेवाच. जेम्स विकत घेतले असतील तर गूगल प्लेच्या पावतीवरचा GPA ने सुरू होणारा ऑर्डर नंबरही जपा. पुढे कधी सपोर्टकडे जायची वेळ आली, तर व्हिलेज तुमचंच आहे हे दाखवायला हेच कामी येतं.