सर्टिफिकेट कोणाचे आणि नोकरी कोणाची?

«माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे. एका खासगी एव्हिएशन अकादमीत केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफचा अकरा महिन्यांचा डिप्लोमा आहे, फी १ लाख ४५ हजार. अकादमी डीजीसीए मान्यताप्राप्त असून शंभर टक्के प्लेसमेंट देते. वय निघून जाऊ नये म्हणून तिने कॉलेज सोडून प्रवेश घ्यावा, असे मी ठरवले आहे. फीसाठी अकादमीच कर्ज मिळवून देते. मुलीची उंची १५२ सेंटिमीटर आहे, पण ते जमून जाईल असे तिथले समुपदेशक म्हणाले. निर्णय योग्य आहे ना?» — एक वडील

आपल्या पत्रात फी आहे, कर्ज आहे, समुपदेशकांचे म्हणणे आहे. मुलीला काय हवे आहे, ते मात्र कुठेही नाही. ‘मी ठरवले आहे’ या शब्दांनी मला ‘शंभर टक्के प्लेसमेंट’पेक्षा अधिक अस्वस्थ केले, कारण तिने पदवी सोडली तर त्याची किंमत तिलाच मोजावी लागेल. ही घाईही अनाठायी आहे. केबिन क्रूसाठी अठरा वर्षे पूर्ण आणि बारावी उत्तीर्ण एवढी अट बहुधा पुरते, म्हणजे अर्ज करण्यासाठी तिला कोणत्याही डिप्लोमाची आजही गरज नाही. कमाल वयाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असली तरी पदवीचे उरलेले दीड वर्ष त्यात सहसा सहज बसते.

मोठा गैरसमज ‘डीजीसीए मान्यताप्राप्त’ या शब्दांत आहे. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारे सरकारी कार्यालय. वैमानिकांच्या प्रशिक्षण संस्थांना आणि विमान देखभाल अभियंते घडवणाऱ्या संस्थांना डीजीसीएची मान्यता लागते आणि त्यांच्या याद्याही प्रसिद्ध असतात. केबिन क्रूसाठी मात्र भारतात वैमानिकासारखा वैयक्तिक परवाना नसतो. विमान कंपनी आधी उमेदवार निवडते आणि मग डीजीसीएने मंजूर केलेल्या स्वतःच्या कार्यक्रमानुसार त्याला शिकवते. आपत्कालीन दरवाजे आणि घसरगुंड्या, आग विझवणे, पाण्यावर उतरल्यावर प्रवाशांना बाहेर काढणे, प्रथमोपचार, धोकादायक माल हे सारे त्यात येते, आणि त्यातला काही भाग कंपनीच्या विशिष्ट विमानासाठीच असतो. अकादमीत यातले काही शिकवले, तरी निवडीनंतर ते सारे पुन्हा शिकावेच लागते. अकादमीचा खरा माल म्हणजे संभाषण, इंग्रजी, पेहराव आणि मुलाखतीचा सराव. त्याला मोल नाही असे नाही, पण त्यासाठी दीड लाख रुपये द्यावेत का, हा वेगळा प्रश्न आहे.

उंचीबद्दल मला स्पष्टच लिहावे लागेल. भारतातल्या अनेक विमान कंपन्या मुलींसाठी साधारणतः १५५ सेंटिमीटर ही किमान उंची मागतात, कारण वरच्या कप्प्यांतल्या सुरक्षा साहित्यापर्यंत हात पोचला पाहिजे. ‘जमून जाईल’ असे सांगणाऱ्याने आपल्या मुलीला नव्हे, स्वतःच्या प्रवेशसंख्येला सल्ला दिला आहे. घरी भिंतीशी उभे करून अनवाणी नीट मोजा. १५२ हाच आकडा आला, तर केबिन क्रूची फी भरण्याचा विचार इथेच थांबवावा.

ग्राउंड स्टाफचे दार मात्र उघडे आहे, आणि तिथेच पदवी कामी येते. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीच्या जाहिराती वाचा: कस्टमर सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह पदासाठी पदवी मागतात, त्याच कामाच्या ज्युनिअर पदासाठी बारावी चालते, आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डिप्लोमा असल्यास प्राधान्य मिळते. म्हणजे प्रमाणपत्राने प्राधान्य मिळते, पण ते पदवीची जागा घेत नाही. आयाटाचे नाव घेणाऱ्या अकादमीला विचारा की परीक्षा आयाटा घेते की तुम्हीच, आणि तिचे नाव आयाटाच्या संकेतस्थळावरील अधिकृत प्रशिक्षण केंद्रांत शोधा. विमानतळाचा प्रवेश परवाना मात्र कोणतीही अकादमी देऊ शकत नाही. त्यासाठी नोकरी देणारी संस्था अर्ज करते आणि पार्श्वभूमीची तपासणी होते.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची परीक्षा एका कागदावर होते. मागच्या तुकडीच्या चार-पाच नियुक्तीपत्रांच्या प्रती मागा आणि वर कोणाचे नाव आहे ते पाहा: विमान कंपनीचे, ग्राउंड हँडलिंग कंपनीचे, मनुष्यबळ कंत्राटदाराचे की एखाद्या मॉलमधल्या दुकानाचे? शेवटचा प्रकारही प्लेसमेंटच्या आकड्यात मोजला जातो. मग करारपत्र वाचा. तोंडी ‘हमी’ असलेली गोष्ट तिथे बहुधा ‘साहाय्य’ झालेली असते.

कर्जाचे कलम तर सर्वांत काळजीपूर्वक वाचा. अशी कर्जे अनेकदा वित्तसंस्थेची असतात, पैसे थेट अकादमीला जातात आणि मुलीने तिसऱ्या महिन्यात वर्ग सोडला तरी हप्ते सुरूच राहतात. अकादमीने शाखा बंद केली, तरी कर्जदार म्हणून सही आपलीच असते.

तेव्हा प्रवेश घेऊ नका. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या, सुट्टीत तिला इंग्रजी संभाषण आणि संगणकावर काम करण्याचा सराव करू द्या आणि विमान कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून ग्राउंड स्टाफसाठी थेट अर्ज करू द्या. नोकरीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. आणि पुढचे पत्र, शक्य झाल्यास, तिच्या हातचे असू द्या. तिला विमानतळावर काम करायचेच नसेल, तर वरचे सारे लिखाण गैरलागू ठरते.