दुसऱ्याची पोस्ट नेमकी कुठे टोचते?

नावं बदलतात, पण प्रश्न तेच येत राहतात. म्हणून या वेळी चार एकत्र घेतले आहेत.

लिंक्डइन बंद केलं तर हेवा थांबेल का?

टोचणी कमी होईल, पण आपल्याला काय हवंय ते कळणार नाही.

मैत्रिणीचं प्रमोशन पाहून तिचं बिनसावं असं मनात येतं. मी वाईट आहे का?

नाही. डच भाषेत हेव्यासाठी दोन शब्द आहेत. तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की एका हेव्यात माणसाला स्वतः वर चढावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं. तुमचा सध्या दुसरा आहे. तिचं यश तिने कमावलेलं आहे की नाही, हे प्रामाणिकपणे तपासा. कमावलेलं वाटलं की हेवा बहुधा पहिल्या प्रकाराकडे वळतो.

वर्गमित्र प्रॉडक्ट मॅनेजर झाला. त्याच्या पोस्ट पाहून वाटतं, मीही तेच करावं. करू का?

इतक्यात नको. पोस्टमध्ये पद, पगार, काम, मोकळीक आणि कौतुक हे सगळं एकाच फोटोत बांधून येतं. टोचतं त्यातलं एखादंच, आणि आपण मात्र सगळं गाठोडं उचलायला निघतो. दोन आठवडे एक वही ठेवा. पोस्ट टोचली की तेव्हाच एक ओळ लिहा: कोणाची होती आणि नेमका कोणता शब्द किंवा फोटो खुपला. "त्याचं यश" असं लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही.

हिशेब तपासनीस असलेल्या एका बाईंनी अशा अकरा नोंदी आणल्या. त्यांनाही मॅनेजरच व्हायचं होतं. नोंदींत पदाचा उल्लेख दोनदा होता. आठ वेळा खुपला होता तो कोणीतरी फळ्यापुढे उभं राहून शिकवत असल्याचा फोटो. त्यांनी राजीनामा दिला नाही. नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी तासाभराचं एक सत्र मागून घेतलं, मग आणखी दोन. तयारीचा कंटाळा आला नाही, तेव्हा प्रशिक्षण विभागात बदली मागितली. तयारी नकोशी वाटली असती, तर त्यांना हवं होतं ते फक्त कौतुक, एवढं कळलं असतं. तेही कळणं स्वस्तातच पडलं असतं.

वहीत काहीच जुळत नसेल, तर ती घेऊन समुपदेशकाकडे जा.

"आजच शेवटची संधी" म्हणणाऱ्या करिअर कोर्सचे पैसे भरू का?

आज नको. या जाहिराती तुमच्या दुखऱ्या क्षणालाच गाठतात, आणि उरलेला वेळ उलटा मोजणारी घड्याळं तुम्हाला विचार करू द्यायची नाहीत म्हणूनच लावलेली असतात. कोर्स केलेल्या दोन जणांशी बोला, पण ज्यांची नावं विक्रेत्याने दिली आहेत त्यांच्याशी नव्हे. आणि या तुलनेने दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर कोर्स बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.