ऑडिटरचा शेरा साहेबांना कसा सांगायचा

साहेबांसाठी कंपनीच्या वार्षिक अहवालाचा सारांश लिहायला बसलास की नफा-तोटा पत्रक नंतर बघ, आधी ऑडिटरचा अहवाल उघड. त्यात ‘क्वालिफाइड ओपिनियन’ आहे की ‘एम्फसिस ऑफ मॅटर’, एवढं पक्कं कर. नवखे इथेच गफलत करतात. पहिल्यात ऑडिटर म्हणतो, या बाबीपुरते आकडे मला पटत नाहीत किंवा त्यांचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. दुसऱ्यात आकडे त्याला मान्य असतात, तो फक्त एखाद्या टिपेकडे बोट दाखवतो.

समज, करपूर्व नफा १ कोटी ८० लाख आहे. एका ग्राहकाकडे १ कोटी २० लाख तीन वर्षांहून जास्त काळ अडकलेत, तरतूद शून्य, म्हणून क्वालिफाइड शेरा आलाय. ‘येणे रकमेच्या तरतुदीबाबत मत सशर्त’ असं लिहिलंस तर साहेब मान डोलावून पान उलटतील. त्याऐवजी लिही: ‘हे पैसे आलेच नाहीत, तर नफा ६० लाखच उरतो.’ पैसे बुडाले असं मात्र लिहू नकोस. ऑडिटरही तसं म्हणत नाही.

मग ट्रेड रिसीव्हेबल्सच्या टिपेतला थकबाकीच्या वयाचा तक्ता बघ. ‘तीन वर्षांहून जास्त’ या रकान्यात १ कोटी २० लाखांपेक्षा मोठी रक्कम दिसली, तर आणखी कोणीतरी थकलाय. ते शेऱ्यात नसलं तरी सारांशात घे.

हिशेबाच्या धोरणांची टीप सहसा छापील साच्यातली असते. धोरण यंदा बदललं असेल तरच तिच्यावर एक ओळ खर्च कर.