रोजच्या फोनची हजेरी बंद केली तेव्हा कुठे बोलायला लागलो

प्रश्न: साखरपुडा झालाय, लग्नाला अजून दहा महिने आहेत. रोज तासभर फोनवर बोलणं मला जमत नाही, त्यात दोन्ही घरचे सारखे मध्ये पडतात. तरी जवळीक कशी टिकवायची?

आमचा साखरपुडा ते लग्न हा गॅप अकरा महिन्यांचा होता, दोघं वेगवेगळ्या शहरात. पहिले दोन महिने रोज रात्री साडेदहाला फोन, आणि खरं सांगते, त्याच दोन महिन्यात आम्ही एकमेकांना सगळ्यात जास्त कंटाळलो. रोज नवीन काय घडणार? जेवलास का, ऑफिस कसं होतं, अजून काय, तू बोल, नाही तू बोल. एखाद्या दिवशी तो दमून झोपला की मी रुसणार आणि दुसऱ्या दिवशीचा अर्धा फोन काल फोन का नाही केलास यातच जाणार. एकदा फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून चक्क "हुश्श" निघालं, तेव्हा जरा घाबरले.

मग बुधवारी वीसेक मिनिटं आणि रविवारी निवांत तासभर असं ठरवलं. मधल्या दिवसात व्हॉइस नोट, मिनिट-दोन मिनिटांची, आणि तिला उत्तर द्यायची सक्ती नाही, हे मात्र आधी स्पष्ट बोलून घेतलं कारण नाहीतर निळ्या टिक मोजण्यात दिवस जातो. लिफ्टमध्ये अडकलो, बॉसने पहिल्यांदा कौतुक केलं, असलं काहीही. मेसेजमध्ये "ठीक आहे" लिहिलं तर माणूस चिडलाय का थकलाय कळत नाही, आवाजात लगेच कळतं.

ठरलेला फोन रद्द करायची वेळ दोघांवरही यायची. त्यासाठी एकच नियम, जो रद्द करेल त्यानेच त्याच मेसेजमध्ये पुढची वेळ द्यायची. "आज नको" एवढंच वाचलं की मनात नको नको ते येतं, पण "आज नको, मंगळवारी नऊला करतो" वाचलं की काहीच वाटत नाही. मला वाटतं आमची निम्मी भांडणं एवढ्यानेच थांबली.

दुसरी गोष्ट म्हणजे लग्नाची कामं. हॉल, पाहुण्यांची यादी, कपडे, हे सगळं फोन खाऊन टाकतं आणि आपण होणारे नवरा-बायको न राहता इव्हेंट मॅनेजर होऊन बसतो. ती यादी आम्ही फोनमधल्या शेअर केलेल्या नोटमध्ये टाकली, त्यावर बोलायचं ते बुधवारी, रविवारी लग्नाचा विषय बंद. पहिल्या दोन रविवारी बोलायला विषयच सापडेना, विचित्र शांतता. चौथ्या रविवारी तो म्हणाला की वर्षभरात नोकरी सोडायचा विचार आहे आणि हे अजून घरी कोणाला माहीत नाही. दोन महिन्यांच्या रोजच्या फोनमध्ये हा विषय एकदाही निघाला नव्हता!

आता घरचे. माझी आई रोज विचारायची, "फोन झाला का, काय म्हणाला?" एकदा मी वैतागून तिला सांगितलं की तो वाढदिवस विसरला. आईने ते सहज त्याच्या आईला सांगितलं, संध्याकाळी त्याला घरून ओरडा बसला आणि तो माझ्याशी तीन दिवस तुटक. तेव्हापासून ठरलं की आपापलं घर आपण सांभाळायचं. माझ्या आईला मी सांगणार, त्याच्या आईला तो, आणि आमचं भांडण आम्ही दोघं बोलल्याशिवाय तिसऱ्याच्या कानावर जाणार नाही. पण नुसतं गप्प बसून भागत नाही हं, घरच्यांना काहीच कळलं नाही की ते जास्त खोदतात. मग मीच दर पंधरा दिवसांनी त्याच्या आईंना दहा मिनिटं फोन करायला लागले, त्यांची तब्येत, माझं काम, बस. त्यांनी त्याला विचारणं आपोआप कमी झालं.

एक अपवाद. पैशाची मागणी, धमकी, सारखा संशय, लोकेशन किंवा पासवर्ड मागणं असलं काही असेल तर ते "दोघांतलं" नाही, लगेच घरी सांगा. आणि तो आठवडेच्या आठवडे गायब राहत असेल तर त्याला वेळापत्रकाचा उपयोग नाही, तिथे लग्न करायचंय का हेच सरळ विचारावं लागतं.

तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला रोज आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नसेल तर झोपताना पाच मिनिटं ठेवा, त्याने काही बिघडत नाही. फक्त हा बदल मेसेजवर कळवू नका, बोलताना सांगा, आणि "मला रोज फोन नको" असं न म्हणता "महिनाभर बुधवार-रविवार करून बघूया का, नाही जमलं तर बदलू" असं म्हणा. पहिलं वाक्य मी म्हणाले होते, त्याने आठवडाभर अबोला धरला होता.