पाढे थांबवा, आधी दहाच्या आतलं बघा

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. वाचतो छान, गोष्टी रंगवून सांगतो. पण ८ + ५ अजून बोटांवर, तेही पहिल्यापासून मोजून. पाढे रात्री पाठ, सकाळी सगळं विसरलेलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची समजच पक्की न होण्याची अडचण, असू शकतो. घरी नेमकं काय करायचं?

उत्तर: पाढे काही महिने बंद ठेवा. मी विशेष शिक्षिका आहे, पहिली ते चौथीच्या मुलांचं गणित घेते. अशा मुलांच्या घरी सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त रडारड पाढ्यांवरच झालेली असते. 'आठ' म्हटल्यावर ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, त्याच्यासाठी 'आठ साते छप्पन्न' हे अर्थ नसलेले तीन शब्द असतात. ते रात्री तोंडात बसतात आणि सकाळी जातात. त्याला धरून ठेवायला काही मिळालेलंच नसतं.

आधी त्याचं गाडं नेमकं कुठे अडतंय ते बघा. मूठभर चिंचोके घ्या. तीन किंवा चार चिंचोके क्षणभर दाखवून हाताने झाका आणि किती होते ते विचारा. बहुतेक मुलं न मोजता सांगतात. चारपर्यंतच्या वस्तू माणसाला एका नजरेत कळतात, मोजाव्या लागत नाहीत. ज्याला डिस्कॅल्क्युलिया आहे तो पुष्कळदा तीन वस्तूही मोजतो, किंवा उत्तराला वेळ घेतो. लंडनचे संशोधक ब्रायन बटरवर्थ यांनी मुलांच्या तपासणीसाठी जी चाचणी केली, तिच्यात ठिपके किती आहेत हे सांगायला किती वेळ लागतो याकडे मुद्दाम लक्ष दिलं आहे, ते याचसाठी. मग सात चिंचोके त्याच्याकडून मोजून घ्या, त्याच्यासमोरच ते पसरून ठेवा आणि पुन्हा विचारा, आता किती? तो परत मोजायला लागला, तर मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे अजून पक्कं झालेलं नाही. शेवटी २३ पासून उलट मोजायला सांगा. २० च्या आसपास तो अडखळतो का, ते पाहा.

या खेळांवरून निदान होत नाही. सुरुवात कुठून करायची एवढं मात्र कळतं, आणि ती जवळजवळ नेहमी दहाच्या आत असते. तिसरीच्या मुलाला 'पाच म्हणजे काय' शिकवायचं, हे पालकांना फार मागे गेल्यासारखं वाटतं. तरी तिथेच जावं लागतं.

बोटांवर रागावू नका. बोटं वापरण्यात वाईट काही नाही. बघायचं ते हे, की तो बोटं कशी वापरतो. ८ + ५ साठी आठ बोटं मोजली, मग पाच, मग परत पहिल्यापासून सगळी, ही पहिली पायरी. 'आठ' मनात धरून नऊ, दहा, अकरा असं पुढे गेला, ही दुसरी. ५ + ८ असं विचारल्यावर आपणहून आठपासून सुरू केलं, तर त्याला बेरजेचा अर्थ लागायला लागला. आणि आठात दोन घालून दहा, उरले तीन, म्हणून तेरा, ही ती पायरी जिथे मोजणं संपतं. तुमचा मुलगा पहिलीवर आहे. त्याला थेट चौथीवर उचलून ठेवता येणार नाही.

त्यासाठी एक खेळ पुरतो. पाच चिंचोके मोजून ठेवा, काही वाटीखाली लपवा, उरलेले दिसू द्या. 'दोन दिसतात, वाटीखाली किती?' आधी वाटी उचलून बघू द्या. मग उत्तर सांगितल्यावरच वाटी उचलायची. पाचाच्या सगळ्या फोडी, म्हणजे चार-एक, तीन-दोन आणि त्यांच्या उलट्या, तो बोट न हलवता सांगू लागला की मगच सहा घ्या. असं करत दहापर्यंत. रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि घड्याळ लावायचं नाही. एखाद्या आकड्यावर महिना गेला तरी जाऊ द्या.

याच काळात जाड पुठ्ठ्यावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा. ही दहाची चौकट. तिच्यात चिंचोके ठेवताना वरची ओळ पूर्ण भरल्याशिवाय खालच्या ओळीत जायचं नाही, एवढा एकच नियम. मग आठ म्हणजे वरचे पाच आणि खालचे तीन, आणि दोन घरं रिकामी. संख्येचं रूप डोळ्यांत बसतं, आणि ती दहाला किती कमी आहे हेही त्याच नजरेत दिसतं.

माझ्याकडच्या एका मुलीबरोबर ८ + ५ कसं झालं ते सांगते. चौकटीत आठ चिंचोके होते, पाच तिच्या तळहातावर. मी म्हटलं, आधी चौकट भर. तिने दोन ठेवले. 'आता हातात किती?' यावर तिने तळहातावरचे मोजले, तीन. 'मग सगळे मिळून किती?' इथे ती चौकटीतला पहिला चिंचोका धरून एक, दोन, तीन करत निघाली. चौकट भरली की दहा, हे तिला दिसत होतं, पण त्यावर तिचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही बेरीज बाजूला ठेवली आणि बरेच दिवस फक्त भरलेली चौकट आणि बाहेर काही सुटे एवढंच केलं. दहा आणि तीन किती, दहा आणि सहा किती. ते उत्तर झटकन यायला लागल्यावर पुन्हा ८ + ५ घेतलं. या वेळी ती थांबली ती दुसऱ्या जागी. दोन गेल्यावर पाचातले किती उरले, हे तिला हाताकडे बघावं लागलं, म्हणजे पाचाची फोड अजून कच्ची होती. एका बेरजेत दोन वेगळ्या गोष्टी अडकलेल्या असतात, दहाला किती कमी आणि दुसऱ्या संख्येची फोड. मूल कुठे थांबतं ते बघितलं, की कुठे परत जायचं ते समजतं.

आणखी एक टप्पा बहुतेक ठिकाणी सुटतो. वस्तू झाल्या की लगेच वहीवर आकडे येतात. मध्ये झाकण्याचा टप्पा हवा. चौकटीत सात ठेवा, त्याला बघू द्या, वर रुमाल टाका आणि मग विचारा, अजून दोन ठेवले तर? तो रुमालाकडे बघत मनातल्या मनात ठेवतो. तुम्हाला त्याचे डोळे त्या रिकाम्या घरांच्या जागी फिरताना दिसतील. हे जमू लागलं, की वहीतल्या ७ + २ मागे काहीतरी उभं असतं.

दहाच्या पुढे गेलात की मराठी आकड्यांची नावं आडवी येतात. आपण 'त्रेपन्न' म्हणतो, त्यात तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र ५ आधी. म्हणून मूल ३५ लिहितं. 'एकोणसाठ' तर आणखी अवघड, कारण कानावर साठ पडतं आणि लिहायचं असतं ५९. बऱ्याच मुलांचा हा गोंधळ दुसरीत मिटतो, या मुलांचा मिटत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. अशा मुलांसाठी मला ती पद्धत मनापासून योग्य वाटते. आईस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबरबँड लावून करा. पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून आधी 'पन्नास तीन' म्हणा, ५३ लिहा, आणि मग सांगा की यालाच त्रेपन्न म्हणतात. दोन्ही नावं बराच काळ जोडीने चालू द्या. शाळेत गणितमाळ असेल, तर दहा-दहा मण्यांचे रंग बदललेले असल्यामुळे तिचाही चांगला उपयोग होतो.

दशक शिकवायला पैसे मात्र लगेच घेऊ नका. दहाचं नाणं एकाच्या दहा नाण्यांएवढं दिसत नाही, आणि ते फोडून आतले दहा दाखवता येत नाहीत. जुडी सोडता येते. ४२ - १७ चं उत्तर मुलाने ३५ लिहिलं, तर समजा की त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, सातातून दोन आणि चारातून एक. हातचा घेण्याचा नियम पुन्हा सांगून हे सुटत नाही. चार जुड्या आणि दोन काड्या देऊन सतरा मागा. सात काड्या द्यायला सुट्या पुरत नाहीत, हे त्यालाच जाणवतं. मग तो एक जुडी सोडतो, सुट्या बारा होतात, त्यातल्या सात आणि एक जुडी देतो, आणि दोन जुड्या व पाच काड्या उरतात. हे दृश्य डोळ्यांत बसल्यावरच वहीत हातचा लिहायला लावा.

पाढे यानंतर येतील, आणि वेगळ्या वाटेने. आधी दोनचा, दहाचा, पाचचा. चारचा म्हणजे दोनची दुप्पट, नऊचा म्हणजे दहाच्यातून एक गट कमी. सहा साते अडलं, तर पाच साते पस्तीस आणि वर एक सात. पाठांतर कमी राहिलं तरी उत्तरापर्यंत जायचा रस्ता त्याच्याकडे असतो.

तपासणीचं म्हणाल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मधे शाळा किंवा माध्यम बदललं असेल, फार दिवस बुडाले असतील, तर तेही तज्ज्ञांना सांगा. डिस्कॅल्क्युलियासोबत वाचनाची अडचण किंवा लक्ष न टिकणं पुष्कळदा असतं. तुमच्या मुलाचं वाचन चांगलं आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, म्हणून शाब्दिक उदाहरणं त्याला गोष्टीसारखी सांगून बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्कॅल्क्युलियाचा नावासकट समावेश आहे. प्रमाणपत्र मात्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. निदान झालं नाही तरी वर सांगितलेलं काम तेच राहतं, त्यामुळे तारीख मिळेपर्यंत थांबू नका.

हे पूर्ण बरं होईल असं मी सांगणार नाही. आकडेमोडीचा वेग बहुतेक मुलांचा पुढेही कमीच राहतो. म्हणून वर्गशिक्षिकांशी आत्ताच बोला. गृहपाठाला वीसऐवजी सहा गणितं द्यावीत, बाकावर शून्य ते वीसची अंकपट्टी चिकटवू द्यावी, आणि सगळ्या वर्गासमोर उभं करून पाढा म्हणायला लावू नये. पुढे जायचं की नाही, ते वाटीच्या खेळावरून ठरवा. उत्तर देण्याआधी त्याची बोटं हलायची थांबली, की पुढचा आकडा घ्या.